तक्रार मागे घेताना : सहावीतल्या एका शून्याचं प्रकरण

अनुदानित शाळेच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी गेली. आवक-जावक नोंदवही, दाखले, वेतन बिलं आणि मधूनमधून येणारे पालकांचे तक्रार अर्ज, हे माझं काम. तक्रारी पुष्कळ पाहिल्या. तक्रार मागे घेतल्याची पत्रं मात्र मोजकीच पाहिली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मीच टंकून पालकांपुढे सहीला सरकवली होती. त्यामुळे निवृत्तीनंतर शेजारची एक आई असाच एक टंकलेला कागद घेऊन आली, तेव्हा तो मला वाचायच्या आधीच पाठ होता.

मुलगा सहावीत, तुकडी ब. शाळा गावातलीच, पण मी होतो ती नव्हे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं मिळाली. गणितात मुलाला आकारिक मूल्यमापनात ५० पैकी २६ आणि संकलितमध्ये ५० पैकी ३७, एकूण ६३, श्रेणी ब-२. सहावीला आकारिक आणि संकलितचा भार निम्मा-निम्मा असतो. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे सत्रभर बाई ज्या नोंदी करतात त्यांची बेरीज : तोंडीकाम, उपक्रम, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. परीक्षेत ३७ घेणारा मुलगा रोजच्या कामात २६ वर कसा, हा आईचा प्रश्न रास्त होता. साधारणपणे उलटं असतं, आकारिकचे गुण सढळ हाताने पडतात.

तिने शाळा सुटताना फाटकापाशी गणिताच्या बाईंना गाठलं. बाई घाईत होत्या. त्या म्हणाल्या, "स्वाध्यायाची वही आलीच नाही त्याची, मग शून्य नाही तर काय देणार?" आणि रिक्षात बसल्या. घरी येऊन आईने दप्तर उपडं केलं. वही निघाली. आत लाल पेनने ९/१०, खाली बाईंची सही आणि सप्टेंबरची तारीख.

आता वही आलीच नाही म्हणणाऱ्या बाईंची सही त्याच वहीत दिसल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. त्यात फाटकावर उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी भर घातली, की बाई घरी क्लास घेतात आणि क्लासला न जाणाऱ्यांचे गुण असेच जातात. त्याच रात्री तिने मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, कार्यालयात दिला आणि आवक क्रमांक घेतला. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना दिली. इथवर सगळं रीतसर होतं. मग तिने अर्जाचा फोटो वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

अर्जात दोन आरोप होते, आणि ते वेगळे आहेत हे लिहिताना तिच्या लक्षात आलं नाही. पहिला : तपासलेल्या वहीचे गुण नोंदवहीत धरले नाहीत. दुसरा : बाई खासगी क्लास घेतात आणि तिथे न येणाऱ्या मुलांचे गुण मुद्दाम कापतात. पहिल्या आरोपाला पुरावा होता, वही. दुसऱ्याला फाटकावरची कुजबूज. वजनाने मात्र दुसराच भारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, म्हणजे हा बाईंच्या वर्तनावरचा आणि नोकरीवरचा आरोप झाला. मुख्याध्यापकांनी बाईंना पत्र काढलं : तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. २५ तारखेला बैठक ठरली.

बैठकीला आई, बाई, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघाच्या एक सदस्या होत्या. आई वही घेऊन गेली होती. बाईंनी आपली मूल्यमापनाची नोंदवही आणली होती आणि तिच्या पुठ्ठ्यात खोचलेली एक चिठ्ठी. या चिठ्ठीवर सगळं प्रकरण फिरलं, म्हणून ती जरा नीट सांगतो.

वह्यांचा गठ्ठा बाई घरी नेऊन तपासतात. तपासताना प्रत्येक वहीवरचा हजेरी क्रमांक आणि गुण एका कागदावर उतरवत जातात, आणि नंतर शाळेत त्या कागदावरून नोंदवहीत चढवतात. बहुतेक शिक्षक असंच करतात. नोंदवही घरी न्यायची नाही आणि नाव लिहिण्यापेक्षा क्रमांक लिहिणं सोपं. जुलैमध्ये या वर्गात दोन नवी मुलं आली. आडनावांच्या क्रमात ती वरती बसली आणि त्यांच्या खालचे सगळे क्रमांक दोनाने सरकले. आपला मुलगा २७ होता, तो २९ झाला. बाईंनी मुलांना वहीवरचे क्रमांक बदलायला सांगितलं, त्या दोन दिवसांत हा तापाने घरी होता. त्याच्या वहीच्या खाकी कव्हरवर शेवटपर्यंत २७ च राहिलं. तपासलेल्या वह्या वर्गात नाव पुकारून वाटल्या जातात, त्यामुळे वही बरोबर त्याच्याच हातात परत आली. त्याला किंवा इतर कुणाला चुकल्याचं कळायचं काही कारणच नव्हतं.

चिठ्ठीवर २७ हा आकडा दोनदा होता. एकदा ९, एकदा ६. बाईंना वाटलं, आपण एकच वही दोनदा लिहिली, आधी चुकून सहा आणि मग दुरुस्त करून नऊ. त्यांनी सहाला काट मारली आणि नोंदवहीत सत्तावीसपुढे नऊ चढवले. एकोणतिसापुढे काहीच नव्हतं. सत्र संपताना रिकामी चौकट दिसली तेव्हा त्यांनी शून्य घातलं.

आईने वही टेबलावर ठेवली. कव्हरवरचा २७ बघून बाई थांबल्या, चिठ्ठी उलगडली आणि मुख्याध्यापक काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सर, चूक माझी आहे. हे नऊ ह्याचे आहेत." असं आईने मला सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा खाली आला.

नोंदवहीतल्या शून्यावर एक आडवी रेघ, शेजारी ९, बाईंची सही आणि तारीख. व्हाइटनर नाही. प्रगतिपत्रकातही तसंच, तिथे मुख्याध्यापकांचीही सही. आकारिक २६ चे ३५ झाले, एकूण ७२, श्रेणी ब-१. तोंडीकामाचे दहापैकी सहा आणि उपक्रमाचे सात तेवढेच राहिले. बाई म्हणाल्या, उत्तर येत असूनही तो वर्गात तोंड उघडत नाही. आईला हे पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

क्लासचं काय? बाई राहतात त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक क्लास चालतो, पाटी रस्त्यावरून दिसते. चालवणारा दुसराच कुणी आहे. बाई वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. जिन्यातून उतरणारी मुलं आणि जिन्यातून उतरणाऱ्या बाई एकाच वेळी बघितलेल्या कुणीतरी दोन आणि दोन पाच केले होते. समितीच्या अध्यक्षांनी जाऊन विचारपूस केली होती, ती माहिती मुख्याध्यापकांकडे होती.

बैठक अर्ध्या तासात संपली. बाहेर येताना कारकुनाने आईला एक कागद दिला, "ताई, एवढ्यावर सही करून द्या." तिने शहाणपणा केला, घरी वाचून देते म्हणाली. माझ्याकडे आली तो हाच कागद :

"मी दि. १८ नोव्हेंबर रोजी केलेली तक्रार गैरसमजातून केली होती. माझी शाळेविरुद्ध अथवा शिक्षकांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही. तरी सदर तक्रार रद्द समजावी."

"काका, करू का सही?"

मी नको म्हटलं. कारकुनाचा यात काही कावा नसतो, हे आधी सांगतो. त्याला फाइल बंद करायची असते आणि हा मजकूर वर्षानुवर्षं संगणकात पडून असतो. पण तो तिच्या प्रकरणाला कुठेच बसत नव्हता.

"गैरसमजातून" हा शब्द बघा. वही आली होती, शून्य पडलं होतं, ते शून्य चुकीचं होतं. यात गैरसमज कुठला? उद्या कुणी फाइल उघडली तर त्याला दिसेल की पालकाने गैरसमजातून तक्रार केली, पालकाने ती रद्द केली, आणि तरीही नोंदवहीत शून्याचे नऊ झालेत. का झाले? कागदात उत्तर नाही. मग संशय कुणावर जाईल? बाईंवरच, की तक्रार मिटवायला गुण वाढवून दिले. बाईंना वाचवायला म्हणून लिहिलेला शब्द बाईंनाच अडचणीत आणू शकतो. ही गोष्ट मला माझ्या नोकरीत फार उशिरा कळली.

"भविष्यातही राहणार नाही" हे तर कुणीच कुणाला लिहून देऊ नये. मुलगा त्या शाळेत अजून चार वर्षं आहे. या वाक्याला कायद्याने फारशी किंमत असेल असं नाही, पण पुढच्या वेळी आईने काही विचारलं की कुणीतरी हाच कागद तिच्यापुढे धरेल आणि ती गप्प बसेल.

आणि त्यात क्लासच्या आरोपाबद्दल एक अक्षर नव्हतं. तक्रार रद्द समजावी म्हटल्याने आरोप खोटा होता असं होत नाही, पालकाने पाठपुरावा सोडला एवढंच होतं. बाईंचा वर्षअखेरचा गोपनीय अहवाल लिहिताना, किंवा पुढे कधी दुसऱ्या कुणी तक्रार केल्यावर, जुनी फाइल वर येते. "मागेही क्लासबद्दल तक्रार होती, पालकाने नंतर मागे घेतली" हे वाक्य ऐकायला कसं लागतं, विचार करा. मागे घेतली, म्हणजे घ्यायला लावली असंच ऐकणाऱ्याला वाटतं.

मग तिने स्वतः एक चिठ्ठी लिहून आणली, बाईंच्या नावे. ती दुसऱ्या टोकाला गेलेली. "बाई, मला माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला फार मनस्ताप झाला. मी रागाच्या भरात काहीही लिहिलं. तुम्ही इतक्या चांगल्या शिकवता, माझा मुलगा तुमचं नेहमी कौतुक करतो. त्या दुसऱ्या मुलाला माझ्या मुलाचे गुण गेले होते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. कृपया मुलावर राग काढू नका."

भावना खरी होती, पण शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढला. "अगं, आभाराच्या पत्रात तू त्यांच्यावर नवा आरोप केलास." तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलावर राग काढू नका असं लिहिणं म्हणजे तुम्ही तो काढाल अशी मला भीती आहे, असं लिहिणं. भीती असेल तर ती मुख्याध्यापकांपाशी बोलावी, आभारात नको. तिला ती नव्हती. सवयीने पेनातून उतरलं होतं.

त्या दुसऱ्या मुलाचं वाक्यही गेलं. त्याला सहाऐवजी नऊ मिळाले होते, ते दुरुस्त झाल्यावर त्याचे तीन कमी होणार. हे बाई आणि त्याचे पालक बघतील. आपल्या पत्रात दुसऱ्याच्या पोराचे गुण आणायचा आपल्याला अधिकार नाही, नाव घेतलं नसलं तरी. सहावी ब मध्ये सत्तावीस क्रमांक कुणाचा, हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं.

"इतक्या चांगल्या शिकवता" हेही काढायला लावलं. आठवड्यापूर्वी जिने गुण कापतात म्हणून लिहिलं, तिनेच आज असं लिहिलं तर बाई ते वाचून पुढे जातील. आभार कशाचे मानायचे ते बैठकीतच घडलं होतं. बाईंनी चिठ्ठी जपून ठेवली होती, ती स्वतःहून आणली, आणि मुख्याध्यापकांसमोर चूक कबूल केली. चिठ्ठी फाडून टाकली असती तर वही कधी आली यावर वाद घालत बसता आलं असतं. ज्या कृतीने प्रश्न सुटला ती कृती नावानिशी लिहिली की आभार खरे वाटतात, आणि फाइलमध्ये बाईंच्या बाजूने एक नोंद राहते.

आता कुणाला लिहायचं? तक्रार मुख्याध्यापकांना होती, आभार बाईंना. दोन्ही एका कागदात घातलं की एक तर बाईंना कार्यालयीन भाषेत आभार मिळतात, नाही तर फाइलमध्ये घरगुती पत्र जातं. आम्ही बाईंना पत्र लिहिलं आणि मुख्याध्यापकांना चार ओळींचा अर्ज, सोबत त्या पत्राची प्रत. तीन दिवस गेले याला. एक-एक वाक्य तिने खोडलं, मी खोडलं, पुन्हा तिने लिहिलं. शेवटी झालेलं पत्र असं, नावं तेवढी गाळली आहेत :

"दि. २८ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

२५ तारखेला सरांच्या कार्यालयात आपली भेट झाली. त्या भेटीबद्दल आणि माझ्या १८ तारखेच्या तक्रारीबद्दल हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मुलाच्या गणिताच्या स्वाध्यायाचे गुण नोंदवहीत आले नव्हते, ही तक्रार होती. वहीवर जुना हजेरी क्रमांक राहिल्याने ते दुसऱ्या क्रमांकापुढे नोंदले गेले, हे आपण चिठ्ठी व नोंदवही समोर ठेवून दाखवलेत आणि त्याच वेळी दुरुस्ती केलीत. ते गुण आता ९ आहेत. या बाबतीत माझे समाधान झाले आहे. वहीवरचा क्रमांक बदलून घेणे हे आमचेही काम होते, ते राहिले.

आपण घरी खासगी क्लास घेता आणि त्यामुळे गुण कमी देता, असे मी त्याच अर्जात लिहिले होते. ते मी ऐकीव माहितीवर, खात्री न करता लिहिले. ते खरे नाही हे मला आता माहीत आहे. तो आरोप मी पूर्णपणे मागे घेते. तो लिहिल्याबद्दल आणि पालकांच्या ग्रुपवर टाकल्याबद्दल मी आपली माफी मागते.

तपासणीची चिठ्ठी आपण इतके दिवस जपून ठेवली आणि चूक सगळ्यांसमोर लगेच मान्य केली, म्हणून हे अर्ध्या तासात मिटले. त्याबद्दल मनापासून आभार.

तो वर्गात बोलत नाही असे आपण म्हणालात. घरी तो खूप बोलतो, म्हणून मला ते नवीन होते. जानेवारीच्या पालकसभेत याबद्दल आपल्याशी पाच मिनिटे बोलायला आवडेल.

या पत्राची प्रत मुख्याध्यापक सरांना देत आहे.

आपली,
(सही)"

शेवटून दुसरा परिच्छेद तिचा. मी तो काढ म्हणत होतो, पत्राचा विषय सोडून आहे म्हणून. तिने ऐकलं नाही. बरं झालं ऐकलं नाही. तोंडीकामाच्या सहा गुणांबद्दल तिच्या मनात जे राहिलं होतं ते तिने तक्रार न करता तिथे ठेवलं, आणि सगळं काही पटल्याचं खोटं लिहायची पाळी तिच्यावर आली नाही.

"वहीवरचा क्रमांक बदलून घेणे हे आमचेही काम होते" यावर आमची जरा चर्चा झाली. मला वाटलं, मुलाच्या तापाचा उल्लेख करावा. ती म्हणाली, "काका, ताप दोन दिवसांचा होता, पुढे दोन महिने होते की." खरंच होतं.

मुख्याध्यापकांचा अर्ज कोरडा ठेवला, तो तसाच हवा :

"विषय : दि. १८ नोव्हेंबरच्या तक्रार अर्जाबाबत (आवक क्रमांक नमूद).

महोदय, वरील अर्जातील स्वाध्यायाच्या गुणांबाबतची तक्रार दि. २५ नोव्हेंबरच्या बैठकीत नोंदवही व प्रगतिपत्रकातील दुरुस्तीने निकाली निघाली आहे. खासगी शिकवणीबाबतचा आरोप ऐकीव माहितीवर केलेला होता, तो निराधार असल्याने मी मागे घेत आहे. संबंधित शिक्षिकांना लिहिलेल्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. ती मूळ तक्रारीसोबत ठेवावी, ही विनंती. प्रत : अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती."

"निकाली निघाली" आणि "मागे घेत आहे" ही दोन क्रियापदं दोन वेगळ्या गोष्टींना लावली, एवढंच या अर्जाचं मर्म. खरी होती ती तक्रार निकाली निघते. खोटी होती ती मागे घेतली जाते. कारकुनाच्या कागदात दोन्हींना मिळून एकच "रद्द" होतं.

"ही विनंती" च्या आधीचं वाक्यही मुद्दाम घातलं. मूळ अर्ज ज्या फाइलला आहे त्याच फाइलला हा लागला पाहिजे. आवक क्रमांक दिला नाही तर कारकून नव्या क्रमांकाने तो पत्रव्यवहाराच्या दुसऱ्या फाइलला लावतो, आणि तक्रारीच्या फाइलमध्ये तक्रार आणि खुलासा एवढंच उरतं, शेवट नाही. मी स्वतः असं केलं आहे. आळसाने नव्हे, क्रमांकच दिलेला नसतो. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, सही आणि नवा आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवायची. बाईंनाही त्यांच्या प्रतीवर तो क्रमांक लिहून द्यायचा. शिक्षकाची बदली होते, मुख्याध्यापक निवृत्त होतात, बाईंच्या कपाटातला तो कागद राहतो.

ग्रुपवरचं राहिलं होतं. आरोप जिथे पोचला तिथे त्याचं खंडनही पोचायला हवं. तक्रार साठ मोबाइलवर आणि माफी एका लिफाफ्यात, हा न्याय नाही. ती सगळं पत्रच फोटो काढून टाकायला निघाली होती. तिथे मात्र पत्र नको, त्यात मुलाचे गुण आहेत आणि पत्र बाईंना लिहिलेलं आहे. तीन वाक्यं पुरली : "१८ तारखेला मी इथे टाकलेल्या अर्जातली गुणांची अडचण शाळेने सोडवली आहे. बाई क्लास घेतात हे मी खात्री न करता लिहिलं होतं, ते चूक होतं, बाईंची माफी मागितली आहे. कृपया तो फोटो पुढे पाठवू नका, कुणी पाठवला असेल तर हेही पाठवा." खाली चार-पाच हात जोडलेले आले. फाटकावरच्या बायकांपैकी एकीने विचारलं, "काय गं, दबाव आला का?" तिने उत्तर दिलं, "नाही. वहीवरचा नंबर चुकला होता." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. कागदात नेमकं कारण असलं की तोंडीही ते सांगता येतं. "गैरसमज झाला होता" एवढ्यावर ती बाई थांबली नसती.

इथे एक सांगायला हवं, नाही तर हे पत्र कुणीतरी भलत्याच ठिकाणी वापरेल. हे प्रकरण गुणांचं होतं आणि चूक दुरुस्त होण्यासारखी होती. मुलाला मारल्याची किंवा वर्गात अपमान केल्याची तक्रार असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागतं, त्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. तिथे पालकाने समाधान झालं लिहून दिलं म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही. मुलाच्या लैंगिक छळाचा संशय असेल तर विषय पत्राचा राहतच नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने ती पोलिसांना द्यायची असते, आणि पालकाने मागे घेतली म्हणून ती तक्रार संपत नाही. अशा वेळी कुणी सहीला कागद पुढे केला तर सही करू नये. बैठकीच्याच दिवशी, तिथल्या तिथे सही मागितली तर मामला साधा असला तरी घरी नेऊन वाचावं. या आईने दहा सेकंदांत घेतलेला तो निर्णय नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

२ डिसेंबरला ती अर्ज देऊन आली. कारकून म्हणाला, "एवढं मोठं कशाला लिहिलं, आमचा कागद होता की." पण घेतला. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला : "बैठकीतील दुरुस्तीची नोंद पाहिली. संबंधित शिक्षिकेचा खुलासा मान्य. दप्तरी दाखल." त्याखाली सही.

बाईंचं उत्तर लेखी आलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मुलगा घरी आला तो सांगत, की बाईंनी सगळ्यांच्या वह्या मागवून कव्हरवरच्या क्रमांकाशेजारी नाव लिहायला लावलं, आणि स्वतःच्या चिठ्ठीवर आता त्या आडनावाचं पहिलं अक्षरही लिहितात. वर्गात त्याला उभं करून एक तोंडी गणित विचारलं. त्याला आलं नाही, असं तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, आलं होतं, पण हळू बोलला.